जंतू ‘सरावत’ नाहीत, ‘उरतात’

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमारास देशातल्या अनेक संशोधन संस्था आपली दारे सर्वांसाठी उघडतात. शाळेची मुले, त्यांचे पालक, शेजारच्या वस्तीतले लोक, निवृत्त मंडळी असे सगळे येतात. त्यांना आधी सभागृहात बसवून तीन-चार मिनिटांचा ॲनिमेशनपट दाखवतात, मग एखादा संशोधक बोलतो आणि शेवटी प्रयोगशाळेतून फेरी होते. या तीन-चार मिनिटांच्या पटाकडे संस्था ‘वातावरणनिर्मिती’ म्हणून पाहतात. माझे म्हणणे असे की, त्या दिवशी पाहुणा जे काही घरी नेतो त्यातला बराच भाग याच पटातला असतो. म्हणून त्याची संहिता लिहिताना काय सोपे करायचे आणि काय मुळीच सोपे करायचे नाही, हे आधी ठरवायला हवे.

हे नेमके कळावे म्हणून एकच विषय घेऊ. औषधांना दाद न देणारा क्षयरोग. आपल्याकडे हा विषय अशा पटांत वारंवार येतो आणि बहुतेक वेळा त्याची गोष्ट एकाच साच्यात सांगितली जाते. डोळे-तोंड काढलेला एक जंतू असतो. त्याच्यावर गोळीचा मारा होतो. जंतू घाबरतो, कोपऱ्यात बसून विचार करतो, अंगावर चिलखत चढवतो आणि हसत बाहेर येतो. निवेदक सांगतो, ‘रुग्णाने गोळ्या अर्धवट सोडल्या आणि जंतू शहाणा झाला.’ मुले हसतात, मोठी माणसे मान डोलावतात. पट यशस्वी झाल्यासारखा वाटतो.

पण या दृश्यात आधी औषध आले आणि नंतर जंतू बदलला. पडद्यावर जे आधी घडते ते प्रेक्षकाला कारण वाटते आणि जे नंतर घडते तो परिणाम. निवेदनात काहीही म्हटले तरी डोळ्यांनी पाहिलेला हा क्रमच लक्षात राहतो. इथे तो क्रम उलटा आहे. औषध येण्याआधीच दाद न देणारे मोजके जंतू शरीरात असतात. औषध त्यांना घडवत नाही, बाकीच्यांना मारून त्यांच्यासाठी जागा मोकळी करून देते.

हा फरक केवळ अभ्यासकांच्या समाधानापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये भारतासह 12 देशांत केलेल्या पाहणीत 76 टक्के लोकांना वाटत होते की, माणसाचे शरीरच प्रतिजैविकांना सरावते आणि मग औषध लागू पडत नाही. आपल्या घरांतही हे वाक्य ऐकू येते. ‘सारखी औषधं घेतली की अंगाला सवय होते.’ असे मानणारा माणूस त्यावर उपायही तसाच काढतो. सवय लागू नये म्हणून तो गोळ्या कमी घेतो, एखादी मधेच गाळतो, बरे वाटले की थांबतो. चार औषधांपैकी जे सोसत नाही ते परस्पर बंद करतो आणि बाकीची घेत राहतो. चिलखत घालणारा जंतू पाहून आलेल्या पाहुण्याचा हा समज आणखी पक्का होतो. ‘सवय’ शरीराला झाली की जंतूला, एवढाच काय तो फरक पडतो.

मग बरोबर चित्र कसे काढायचे? त्यासाठी आधी आकडे समजून घ्यावे लागतात, कारण या गोष्टीचा जीव आकड्यांतच आहे. फुप्फुसात क्षयाने पोकळी पडलेल्या रुग्णाच्या त्या पोकळीत जंतूंची संख्या कोटींच्या घरात असते. आपण 10 कोटी धरू. प्रत्येक जंतू दुभंगताना आपल्या जनुकीय मजकुराची नक्कल करतो आणि त्यात क्वचित चूक होते. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही किंवा जंतूचेच नुकसान होते. पण एखाद्या चुकीमुळे तो जंतू एखाद्या औषधाला दाद देईनासा होतो. आयसोनियाझिड या औषधाच्या बाबतीत असा जंतू साधारण 10 लाखांत एक सापडतो, रिफाम्पिसिनच्या बाबतीत साधारण 10 कोटींत एक. म्हणजे आपल्या रुग्णाच्या पोकळीत, त्याने एकही गोळी घेण्याआधी, आयसोनियाझिडला न जुमानणारे शंभरेक जंतू असू शकतात आणि रिफाम्पिसिनला न जुमानणारा एखादा.

आता दोन्ही औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जंतू किती दुर्मीळ असेल ते पाहू. दोन्ही चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या आहेत, म्हणून शक्यतांचा गुणाकार होतो. 10 लाख गुणिले 10 कोटी, म्हणजे एक कोटी कोटी. एवढ्या जंतूंत असा एक. एका रुग्णात 10 कोटी जंतू धरले तर असे 10 लाख रुग्ण तपासल्यावर कुठे एक जंतू मिळेल. क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे का देतात, याचे मुख्य उत्तर या एका गुणाकारात आहे.

इथे ॲनिमेशन करणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. तो पडद्यावर 20 जंतू काढतो आणि त्यातले दोन पिवळे रंगवतो. पाहुणा हिशेब करतो की, दहातला एक जंतू दाद देत नाही. म्हणजे प्रमाण एक लाख पटीने चुकले. आणि एवढे जंतू दाद देत नसतील तर औषध घ्यायचेच कशाला, असेही त्याला वाटू शकते.

यावर एक साधा हिशेब उपयोगी पडतो. हल्लीच्या नेहमीच्या पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे सुमारे 20 लाख 74 हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक जंतू धरला तर अख्ख्या पडद्यावर आयसोनियाझिडला न जुमानणारे जंतू फक्त दोन. आणि आपल्या रुग्णातले सगळे 10 कोटी जंतू दाखवायला असे 48 पडदे लागतील. आठ उभ्या आणि सहा आडव्या रांगांत मांडलेल्या या 48 चौकटींत रिफाम्पिसिनला न जुमानणारा ठिपका एखादाच.

म्हणून संहितेत लिहायचे ते असे. आधी 20 जंतू मोठे दिसू द्या, सगळे सारखे, एकही रंगीत नाही. मग कॅमेरा मागे सरकतो. 20 चे 2 हजार, 2 हजारांचे 2 लाख, मग 20 लाख. आता पडदा बारीक रव्यासारखा दिसतो. तेव्हाच कुठेतरी दोन ठिकाणी पिवळी वर्तुळे उमटतात. एवढासा ठिपका मागच्या रांगेतून दिसणार नाही, प्रोजेक्टरवर तर मुळीच नाही, म्हणून ठिपका नव्हे, त्याभोवतीचे वर्तुळ दाखवायचे. प्रत्येक ठिपका स्वतंत्र काढण्याचीही गरज नाही. प्रेक्षकाला ‘फार मोठ्या गर्दीत दोनच’ ही जाणीव झाली की काम झाले.

रंगांबद्दलही सांगायला हवे, कारण पाहुण्यांची फेरी पुढे सूक्ष्मदर्शकापाशी जाते. क्षयाचे जंतू पाहण्यासाठी काचपट्टीवर झील-नील्सन पद्धतीने रंग देतात. त्यात क्षयाचे सगळे जंतू निळ्या पार्श्वभूमीवर लालसर काड्यांसारखे दिसतात. पटात जर दाद न देणारे जंतू लाल दाखवले असतील तर सूक्ष्मदर्शकातून पाहणारा प्रत्येक पाहुणा ‘अरे बापरे, सगळेच तसले’ म्हणून दचकतो. म्हणून पटात लाल रंग वापरूच नये. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही प्रकारचे जंतू सारखेच दिसतात. ‘ओळखू यावेत म्हणून आम्ही वर्तुळ काढलंय, खरे जंतू दिसायला सारखेच असतात,’ हे एक वाक्य निवेदनात असलेच पाहिजे.

आता तीन मिनिटांची पूर्ण संहिता कशी दिसेल ते पाहू. सावकाश बोललेल्या मराठीत मिनिटाला साधारण शंभर शब्द नीट पोहोचतात. तीन मिनिटांत तीनशे, त्यातले पन्नास शब्दांइतके अंतर शांततेसाठी सोडायचे. हातात अडीचशे शब्द उरतात, म्हणजे वर्तमानपत्रातल्या दोन-तीन परिच्छेदांएवढे. यात संस्थेची इमारत, स्थापनेचे वर्ष आणि 1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी लावलेला जंतूचा शोध यांना जागा नाही. ते सगळे भिंतीवरच्या फलकावर शोभते.

पहिल्या 25 सेकंदांत फक्त एक प्रश्न. एक बाई औषधाची पट्टी हातात घेऊन बसली आहे. निवेदन: ‘क्षयरोग एकच. मग सुरुवातीच्या दोन महिन्यांत एका गोळीत चार औषधं कशाला? एक जालीम औषध का नाही?’ पुढचे प्रत्येक दृश्य याच प्रश्नाच्या उत्तराकडे जाते. जे जात नाही ते काढून टाकायचे.

त्यानंतर 45 सेकंद औषधाशिवाय. संहितेतला हा सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त कापला जाणारा भाग. जंतू दुभंगतात, संख्या वाढते, कॅमेरा मागे सरकतो, दोन वर्तुळे उमटतात. निवेदन: ‘जंतू आपली नक्कल करत वाढतात. लाखो नकला करताना कधीतरी एखादी चूक होते. ही चूक कुणी ठरवून केलेली नाही. हे दोन जंतू एका औषधाला दाद देणार नाहीत. लक्षात घ्या, औषध अजून आलेलंच नाही.’ शेवटच्या वाक्यानंतर तीन सेकंद काहीच बोलायचे नाही आणि काहीच हलवायचे नाही. निर्माते म्हणतील, इथे पट रेंगाळतो. रेंगाळू द्यावा. या तीन सेकंदांतच जुना समज हलण्याची शक्यता असते.

पुढची 35 सेकंदे एका औषधाची. औषध पडद्यावर पसरते, रवाळ पडदा जवळजवळ रिकामा होतो. बाईचा खोकला कमी होतो, वजन वाढते. आपण बरे झालो असे तिला वाटते. पण त्या वर्तुळांतले ठिपके जागेवरच आहेत. ते दुप्पट होतात, पुन्हा दुप्पट होतात. वीस वेळा दुप्पट झाले की एकाचे दहा लाख होतात. क्षयाचा जंतू सावकाश वाढतो. प्रयोगशाळेत चांगले खाद्य मिळाले तरी दुप्पट व्हायला त्याला सुमारे 20 तास लागतात, शरीरात बऱ्याचदा त्याहून जास्त. म्हणून हे सारे काही आठवड्यांत, महिन्यांत घडते. निवेदन: ‘पडदा पुन्हा भरला. पण आता यातला जवळजवळ प्रत्येक जंतू त्या दोघांचाच वंशज आहे.’

मग 40 सेकंद दोन औषधांची. पडदा पहिल्यासारखा, पण आता पिवळ्या वर्तुळांसोबत, कॅमेरा 48 चौकटींपर्यंत मागे गेल्यावर, एक हिरवे वर्तुळही दिसते. दोन्ही औषधे एकदम येतात. पिवळ्यांना दुसरे औषध मारते, हिरव्याला पहिले. पडदा रिकामा होतो. निवेदन: ‘एकाच्या तावडीतून जो सुटतो, तो दुसऱ्याच्या तावडीत सापडतो.’ यानंतर लगेच, फक्त आठ सेकंद, दोनांपैकी एक औषध पडद्यावरून पुसले जाते आणि पिवळे ठिपके पुन्हा वाढू लागतात. एक गोळी परस्पर बंद केल्यावर काय होते, हे यापेक्षा वेगळे समजावण्याची गरज पडत नाही.

शेवटची 35 सेकंदे मी कशासाठी राखून ठेवतो ते थोडे सविस्तर सांगतो. प्रचलित पटांचा शेवट बेफिकीर रुग्णावर बोट ठेवून होतो. पण भारतात 2014 ते 2016 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की, पूर्वी कधीही क्षयाचे उपचार न घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे 3 टक्के लोकांत आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही औषधांना दाद न देणारे जंतू होते. आधी उपचार झालेल्यांत हे प्रमाण सुमारे 12 टक्के होते. नव्या रुग्णांतल्या त्या 3 टक्के लोकांनी कोणतीही गोळी चुकवलेली नव्हती. दुसऱ्याच्या खोकल्यातून तसलेच जंतू हवेवाटे त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. सभागृहात बसलेल्यांत असा एखादा रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक असतीलच. त्यांना ‘तुमच्याच चुकीमुळे’ असे सांगणारा पट खोटाही आहे आणि क्रूरही. म्हणून शेवट असा. खोकल्यातून उडालेला एक थेंब दुसऱ्या माणसाकडे जातो, त्यात पिवळी-हिरवी दोन्ही वर्तुळे आहेत. निवेदन: ‘काही जणांना सुरुवातीपासूनच असे जंतू लागतात. म्हणून उपचाराच्या सुरुवातीलाच थुंकीची तपासणी हवी. कोणतं औषध चालणार नाही, हे त्यात कळतं.’ रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही हे काही तासांत सांगणाऱ्या सीबीनॅट आणि भारतात विकसित झालेल्या ट्रूनॅट या चाचण्या आपल्या सरकारी यंत्रणेत वापरल्या जातात. पाहुण्याने घरी न्यावे असे एक वाक्य पटात असायचेच असेल तर ते हे असावे: ‘थुंकी तपासली का, असे विचारा.’

संहितेच्या भाषेबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण मराठीत यातले काही शब्दच घात करतात. संस्थेकडून येणाऱ्या पहिल्या मसुद्यात ‘प्रतिकार’ हा शब्द हमखास असतो. पण सर्वसामान्य माणसासाठी ‘प्रतिकारशक्ती’ ही चांगली गोष्ट, शरीराची, काढे पिऊन वाढवायची. ‘प्रतिकार वाढला’ हे वाक्य ऐकून त्याला नेमका कुणाचा प्रतिकार ते कळत नाही आणि तो शरीराचा आहे असे धरून चालतो. ते 76 टक्के लोक आपल्याकडे थोडेफार या शब्दानेही घडतात असे मला वाटते. ‘प्रतिरोध’ म्हटले तर गोंधळ नाही, पण तो शब्द कुणाच्या तोंडी नाही. वर्तमानपत्रांनी रुळवलेला ‘दाद न देणारा’ हा शब्दप्रयोग मला सगळ्यांत निर्धोक वाटतो. तो जंतू काय करत नाही एवढेच सांगतो, तो असा का झाला याबद्दल काहीच सुचवत नाही.

क्रियापदांचेही तसेच. ‘शिकतात’, ‘शहाणे होतात’, ‘शक्कल लढवतात’, ‘सरावतात’, ‘निर्ढावतात’ या सगळ्यांत जंतूला हेतू मिळतो आणि बदल औषधानंतर होतो. ‘उरतात’ या एका साध्या क्रियापदात खरी प्रक्रिया बसते. जे मेले नाहीत ते उरले, उरले ते वाढले. मसुदा हातात आला की मी आधी त्यातली क्रियापदे अधोरेखित करतो. ‘जंतू’ हा कर्ता आणि पुढे मनाचा व्यापार दाखवणारे क्रियापद असे जिथे दिसेल तिथे वाक्य बदलायचे. उपमाही याच कसोटीवर घासाव्यात. चाळणीची उपमा चालते, कारण चाळण कोंडा तयार करत नाही, फक्त वेगळा करते. ग्रामीण पाहुण्यांसमोर फवारणीचे उदाहरण जवळचे वाटते आणि प्रक्रियाही तीच आहे. पण ‘किडीला औषधाची सवय झाली’ असे शेतकरी सहज बोलतात, त्यामुळे त्या उदाहरणाबरोबर जुना समजही आत शिरतो. ते वापरायचे तर सावधपणे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला निर्मात्यांचा. डोळे-तोंड नसलेले ठिपके कोण पाहणार? मुलांना पात्रे लागतात. मला पात्रांचे वावडे नाही. औषधाची पट्टी हातात घेतलेली बाई हे पात्रच आहे, आणि हेतू असायचा तर तो तिला आहे. जंतूचा आकार, रंग, वेग, संख्या हे सगळे गरजेप्रमाणे सोपे करावे. पेशींमध्ये प्रत्यक्षात किती गर्दी असते, औषधाचा रेणू जंतूच्या मानाने किती लहान असतो, हे खरेखुरे दाखवायला गेलो तर काहीच दिसणार नाही. ही सवलत प्रेक्षकही समजून घेतो. सवलत नाही ती फक्त आधी काय आणि नंतर काय यात, आणि कशामुळे काय झाले यात.

दुसरा आक्षेप संशोधकांचा आणि तो जास्त रास्त आहे. सगळे बदल उपचाराआधीचेच असतात असे नाही. उपचार चालू असताना जंतू वाढत राहिले तर नव्या चुका होतच राहतात. रुग्ण बरा व्हायला सहा महिने लागतात त्याचे कारण वेगळेच आहे. काही जंतू दाद देणारे असूनही जवळजवळ निष्क्रिय राहतात आणि औषधाच्या तावडीत उशिरा सापडतात. शिवाय इतर अनेक जंतूंमध्ये दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे थेट जातो, क्षयाच्या जंतूत तसे होत नाही. हे सगळे खरे आहे. पण तीन मिनिटांत ते घातले तर पहिलाही मुद्दा पोहोचणार नाही. माझ्या मते त्याची जागा पटानंतर बोलणाऱ्या संशोधकाकडे आहे. ‘मग सहा महिने का?’ आणि ‘माझ्या घशाच्या औषधाचंही असंच का?’ हे प्रश्न पाहुणे विचारतातच. पटाने एक प्रश्न नीट सोडवावा आणि हे दोन प्रश्न माणसासाठी ठेवावेत.

तिसरा प्रश्न हुशार मुले विचारतात. ‘ते जंतू आधीपासून होते हे तुम्हाला कसं कळलं? औषध टाकल्यावरच तर दिसले.’ याचे उत्तर देताना संशोधकाने हातात मखमलीचा तुकडा घ्यावा. 1952 मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी बशीत वाढलेल्या जंतूंच्या वसाहतींवर मखमल दाबली आणि रबरी शिक्क्यासारखा तिचा ठसा औषध असलेल्या दुसऱ्या बशीत उमटवला. वसाहती ज्या जागी होत्या त्याच जागी त्यांची नक्कल उतरली. औषधाच्या बशीत जिथे जंतू वाढले, ती जागा मूळ बशीत शोधली, तर तिथे औषधाचा स्पर्शही न झालेले, तरी त्याला दाद न देणारे जंतू मिळाले. त्यांनी हे क्षयाच्या नव्हे, आतड्यातल्या एका जंतूवर दाखवले. त्यात स्ट्रेप्टोमायसिन हे औषधही होते. शाई आणि शिक्का घेऊन हे टेबलावर दोन मिनिटांत करून दाखवता येते.

स्ट्रेप्टोमायसिन हेच क्षयावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक. ब्रिटनमध्ये 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते एकटेच दिले होते. सहा महिन्यांनंतर औषध घेतलेल्या 55 जणांपैकी 4 दगावले होते, न घेतलेल्या 52 पैकी 14. आनंदाची गोष्ट. पण पाच वर्षांनी हेच आकडे 32 आणि 35 झाले. औषध घेतलेल्यांपैकी बहुतेकांच्या थुंकीत स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे जंतू उरले होते. ते रुग्ण रुग्णालयात होते, औषध नियमित मिळत होते, मात्रा कुणी चुकवली नव्हती. औषध एकटे होते, एवढेच. संशोधकांनी हे ओळखले आणि पुढच्या चाचणीत दोन औषधे एकत्र दिली.

पट चांगला झाला का, हे टाळ्यांवरून किंवा ‘आवडला का?’ या प्रश्नावरून कळत नाही. त्याची परीक्षा ॲनिमेशन सुरू होण्यापूर्वीच घ्यायला हवी. कागदावर काढलेली दहा-बारा चित्रे आणि तोंडी निवेदन एवढे पुरे. संस्थेतल्याच पण विज्ञानाशी संबंध नसलेल्या पाच जणांना, म्हणजे लेखा विभागातल्या, उपाहारगृहातल्या, सुरक्षा विभागातल्या लोकांना ते दाखवावे. मग दोन गोष्टी कराव्यात. आधी त्यांना ही गोष्ट त्यांच्या शब्दांत सांगायला लावावी आणि फक्त क्रियापद ऐकावे, ‘सरावले’ आले की ‘उरले’. मग विचारावे, ‘ज्या रुग्णाने एकही गोळी घेतलेली नाही, त्याच्या शरीरात दाद न देणारा जंतू असू शकतो का?’ पाचातल्या तिघांनी ‘नाही, औषध घेतल्यावरच होतो’ म्हटले तर दोष त्यांचा नाही, चित्रांच्या क्रमाचा आहे. कागदावर क्रम बदलायला एक दुपार लागते. पट तयार झाल्यावर तोच बदल करायचा तर दृश्ये नव्याने काढावी लागतात, निवेदन पुन्हा मुद्रित करावे लागते, आणि मग कुणी ते करत नाही.

म्हणून संस्थांना एवढेच सुचवावेसे वाटते. पुढच्या विज्ञान दिनासाठी पट करून घेताना कंत्राटात संगीत आणि चकचकीतपणा यांच्या आधी या चाचणीची अट घाला. आणि आपण पाहुणे म्हणून गेलो आणि पडद्यावर चिलखत घालणारा जंतू दिसला, तर पटानंतर बोलणाऱ्या संशोधकाला विचारू या, ‘हा असा झाला तो औषधाच्या आधी की नंतर?’ त्या प्रश्नावर ते जे बोलतील, ते पटापेक्षा नक्कीच चांगले असेल.